कमानीवर जर्मन नाव, वर्क ऑर्डरवर दुसरंच

*आमचं घर खेडजवळ. यजमानांच्या दोन गाड्या शाळेच्या मुलांची ने-आण करतात. आता लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका मोठ्या जर्मन कंपनीत तिन्ही पाळ्यांचे कामगार न्यायचं-आणायचं काम मिळतंय. त्यासाठी दोन मिनीबस घ्याव्या लागतील. कर्ज चाळीस लाखांचं, पाच वर्षांचं. करार मात्र एका वर्षाचा आणि बिलाचे पैसे साठ दिवसांनी. आलेल्या वर्क ऑर्डरवर त्या जर्मन कंपनीचं नावच नाही. दुसरंच नाव आहे आणि शेवटी ‘इंडिया प्रायव्हेट लिमिटेड’. यजमान म्हणतात, ही काहीतरी बोगस भानगड आहे. सासरे म्हणतात, शंभर वर्षं जुनी कंपनी, तिच्याकडचे पैसे बुडतात होय? हिशेब मी बघते, पण या दोघांत कोणाचं ऐकावं ते कळत नाही.*
*— एक वाचक, खेड तालुका*

ताई, यजमान आणि सासरे भांडत असले तरी दोघांनी एकच गोष्ट धरून ठेवली आहे. जर्मनीतली कंपनी आणि लोट्यातला कारखाना ही एकच कंपनी आहे, असं दोघांनाही वाटतं. म्हणून नाव वेगळं दिसल्यावर एकाला ती लबाडी वाटते आणि दुसऱ्याला नुसता कागदोपत्री फरक. कायद्याच्या दृष्टीने त्या बहुधा दोन कंपन्या आहेत. त्यांचं नातं मालक आणि त्याच्या मालमत्तेचं. ती मालमत्ता स्वतःच्या नावाने कर्ज काढते, बिलं देते, कोर्टात उभी राहते आणि वेळ आली तर स्वतःची स्वतः बुडते.

हे समजायला लांब जायला नको. खाडीपलीकडच्या गुहागरात अंजनवेलच्या प्रकल्पाला आजही लोक ‘एन्रॉन’च म्हणतात. एसटीत बसल्यावर ‘एन्रॉनला उतरणार’ असं सांगणारी माणसं मी ऐकली आहेत. पण त्या प्रकल्पाची मालक एन्रॉन कधीच नव्हती. मालक होती दाभोळ पॉवर कंपनी, भारतात नोंदलेली. सुरुवातीला तिच्यात एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. हे वाटेही थेट नव्हते, मॉरिशसमधल्या कंपन्यांच्या नावावर होते. पुढे राज्य वीज मंडळही भागीदार झालं. १९९९ च्या मे महिन्यात पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि दोन वर्षांनी, २००१ च्या मेमध्ये, दर आणि बिलांच्या वादातून ती थांबली. अमेरिकेतल्या एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला तो त्यानंतर, २ डिसेंबर २००१ ला. आपल्याकडे अनेकजण सांगतात की एन्रॉन बुडाली म्हणून दाभोळ बंद पडलं. तारखा नीट लावल्या की दिसतं, दाभोळ सहा महिने आधीच स्वतःच्या भांडणाने बंद पडलं होतं. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढून प्रकल्प घेतला. नंतर वायूचं टर्मिनल वेगळं काढून कोकण एलएनजीकडे गेलं. आज एकाच आवारात एका कंपनीचं वीजकेंद्र आहे आणि दुसरी जहाजातून आलेला द्रवरूप वायू उतरवून घेते. लोकांच्या तोंडी मात्र दोन्ही ‘एन्रॉन’.

तुमच्या ऑर्डरवर जर्मन नाव नसण्यामागे फार गूढ नाही. परदेशी कंपनीला भारतात शाखा काढता येते, पण परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे त्या शाखेला कारखाना चालवता येत नाही. विशेष आर्थिक क्षेत्राचा अपवाद सोडला तर शाखेने आयात-निर्यात करावी, सल्ला द्यावा, मूळ कंपनीची प्रतिनिधी म्हणून बसावं, अशी कामं तेवढी. लोट्यात रिअॅक्टर लावून माल काढायचा असेल तर भारतीय कंपनी काढावीच लागते. शिवाय परदेशी कंपनी म्हणून कर भरायचा तर मूळ दर ३५ टक्के, भारतीय कंपनीला सवलती सोडल्यास २२ टक्के, वर अधिभार वेगळा. आणि उद्या हा धंदा विकायचा ठरला तर शेअर विकले की झालं, एकेक यंत्र विकत बसावं लागत नाही. बऱ्याच ठिकाणी तर मूळ कंपनीने इथला चालू कारखाना विकत घेतलेला असतो आणि जुनं नाव तसंच ठेवलेलं असतं. तेव्हा वेगळ्या नावावरून बोगसपणा सिद्ध होत नाही. यजमानांना एवढं सांगून टाका.

सासऱ्यांना सांगायचं थोडं जड जाईल. उपकंपनीची देणी मूळ कंपनीला फेडावी लागत नाहीत. तिने शेअरमध्ये घातलेले पैसे बुडतील, त्यापलीकडे तिच्या खिशात तुम्हाला हात घालता येत नाही, तिने लेखी हमी दिली असेल तर गोष्ट वेगळी. मी पंचवीस वर्षं कंपन्यांची सेक्रेटरी म्हणून हीच कागदपत्रं केली आहेत. तोट्यातल्या उपकंपन्यांच्या ताळेबंदाखाली एक वाक्य मी कितीतरी वेळा टाइप केलं आहे: मूळ कंपनीने आर्थिक पाठिंबा चालू ठेवण्याचं पत्र दिलं आहे, म्हणून हिशेब धंदा चालू राहील असं धरून केले आहेत. हे पत्र उपकंपनीला आणि तिच्या ऑडिटरला लिहिलेलं असतं. कँटीनवाल्याला किंवा गाडीवाल्याला ते दाखवून पैसे मागता येत नाहीत. ते वाक्य दिसलं तर ‘चला, जर्मनी पाठीशी आहे’ असं समजू नका. कंपनीला टेकू लागतो आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

आता तुमची ऑर्डर हातात घ्या. खाली बारीक अक्षरात एकवीस अक्षर-आकड्यांचा नोंदणी क्रमांक असेल, CIN म्हणून. लेटरहेडवर आणि बिलांवर तो छापणं कंपनीला बंधनकारक आहे. तो साधारण असा दिसतो (शेवटचे शून्य मी घातले आहेत):

```
U24110MH2009FTC000000
```

पहिलं U म्हणजे शेअर बाजारात नोंद नाही, L असतं तर आहे. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात, MH म्हणजे महाराष्ट्र, २००९ हे स्थापनेचं वर्ष. त्यापुढची तीन अक्षरं तुमच्या कामाची. FTC असेल तर ती परदेशी कंपनीची उपकंपनी म्हणून नोंदलेली खासगी कंपनी. PTC असेल तर साधी खासगी कंपनी, पण तेवढ्यावरून परदेशी मालक नाही असं ठरवू नका. कारखाना नंतर विकत घेतला असेल तर जुनी अक्षरं तशीच राहिलेली असू शकतात. धंद्याच्या पाच आकड्यांवरही विसंबू नका. ते नोंदणीच्या वेळचे असतात. रंग करायला निघालेली कंपनी आज औषधाचा कच्चा माल करत असेल आणि आकडे जुनेच असतील.

CIN च्या जवळपास GSTIN असतो, पंधरा अक्षरांचा. महाराष्ट्रातली नोंदणी २७ ने सुरू होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर `Search Taxpayer` मध्ये तो टाकला की कायदेशीर नाव, धंद्याचं मुख्य ठिकाण आणि धंद्याचं स्वरूप फुकट दिसतं. इथे एक गोष्ट मुद्दाम बघा. ऑर्डरवरचं नाव आणि कारखान्याच्या गेटवरचं नाव तेच आहे का? कमानीवरचं मोठं जर्मन नाव सोडून द्या. गेटजवळच्या पाटीवर कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लावावा लागतो, आणि इथल्या लिपीतही. पुढच्या वेळी यजमान तिकडे गेले की त्यांना त्या पाटीचा फोटो काढायला सांगा. मी पाहिलेल्या घोटाळ्यांपैकी बहुतेक इथेच होते. माणूस समजायचा कारखान्याचं काम मिळालं, आणि ऑर्डर असायची पुण्या-मुंबईच्या कुठल्यातरी वाहतूक पुरवठादाराची, ज्याने कारखान्याकडून ठेका घेतलेला. कधी ऑर्डर असायची त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीची. एकाच गटात एक कंपनी माल बनवते, एक विकते, एक नुसतं संशोधन करते, आणि नावं सख्ख्या बहिणींसारखी असतात. पैसे तुम्हाला ऑर्डरवरच्या नावाकडूनच मागायचे आहेत, तेव्हा यापुढे शोध घ्यायचा तोही त्याच नावाचा.

कारखाना नेमकं काय करतो, हे कळायला रासायनिक पट्ट्यात एक सोपी वाट आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेतल्याशिवाय तो चालवता येत नाही, आणि ती संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यात उत्पादनांची नावं असतात, प्रत्येकाचं जास्तीत जास्त प्रमाण असतं आणि मुदत कधी संपते तेही असतं. रसायनांची नावं वाचून घाबरू नका. किती उत्पादनं आहेत आणि यादी वाढते आहे की आखडते आहे, एवढं बघा. एकाच रसायनावर उभा असलेला कारखाना आणि आठ-दहा उत्पादनांचा कारखाना यांत गाडीवाल्यासाठी पुष्कळ फरक आहे. मात्र हा परवाना आहे. शंभर टनांची मुभा असली म्हणून शंभर टन माल निघतोच असं नाही.

खरी हकिगत ताळेबंदात असते. तो बघायला कोणाच्या ओळखीची गरज नाही. कंपनी खासगी असली तरी तिने सरकारच्या कंपनी निबंधकाकडे दिलेले कागद कोणालाही पाहता येतात. `mca.gov.in` वर खातं उघडा. `Master Data` मध्ये संचालक, भांडवल आणि तारण ठेवून काढलेली कर्जं फुकट दिसतात. `View Public Documents` मध्ये एका कंपनीचे शंभर रुपये भरले की बाकीचे कागद उघडतात. ते ठरावीक वेळच उघडे राहतात, म्हणून आधी सगळे उतरवून घ्या, वाचन नंतर. दोन कागद शोधा. वार्षिक विवरण, म्हणजे MGT-7, आणि आर्थिक पत्रकं, म्हणजे AOC-4. मागच्या तीन वर्षांचे तरी घ्या.

MGT-7 मध्ये भागधारक आणि मुख्य धंदा दिसेल. खासगी कंपनीला किमान दोन सभासद लागतात, म्हणून बहुतेक वेळा सगळे शेअर एका परदेशी कंपनीकडे आणि एखादाच दुसऱ्या नावावर असतो. तो दुसरा माणूस म्हणजे कोणी छुपा भागीदार नव्हे. ती परदेशी कंपनीही जर्मनीऐवजी नेदरलँड्स किंवा सिंगापूरची निघेल. अंजनवेलच्या मॉरिशससारखंच. त्याने बिचकू नका.

AOC-4 ला जोडलेल्या पत्रकांच्या शेवटी टिपांची पन्नासेक पानं असतात. त्यातली दोनच वाचायची.

पहिली संबंधित पक्षांच्या व्यवहारांची. समजा, कंपनीची वर्षाची विक्री ८४ कोटी आहे आणि टिपेत दिसतं की ७९ कोटींचा माल गटातल्याच एका परदेशी कंपनीला विकला. नफा बघितला तर तीनही वर्षं खर्चावर सात-आठ टक्के, ना कमी ना जास्त. याचा अर्थ हा कारखाना बाजारात माल विकत नाही. गटासाठी माल बनवून देतो, त्याचा खर्च आणि वर ठरलेला नफा गट त्याला देतो. अशा ठिकाणी बिलं सहसा वेळेवर निघतात, कारण खर्च भरून मिळतोच. पण हे उत्पादन चीनला हलवायचं असं परदेशात कोणी ठरवलं, तर इथल्या मॅनेजरला ते तुमच्यापेक्षा फार आधी कळेल असं नाही. नफा चांगला दिसत होता आणि कारखाना बंद झाला, असं अशा ठिकाणी घडू शकतं. उलट बाहेरच्या पन्नास गिऱ्हाइकांना विकणाऱ्या कारखान्याचा नफा वरखाली होतो, पण एका माणसाच्या निर्णयाने तो बंद होत नाही. तुमचा कारखाना यातला कुठला, हे एका पानात कळतं.

दुसरी टीप पुरवठादारांच्या देण्यांची. तुमच्यासाठी सगळ्यात कामाची, आणि ती कोणीच वाचत नाही. त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं वेगळं दाखवावं लागतं. २०२१-२२ पासून एक तक्ताही असतो: किती देणं एका वर्षाच्या आतलं, किती एक ते दोन वर्षांचं, किती त्याहून जुनं, आणि वादातलं किती. लहान पुरवठादारांच्या ओळीत दोन-तीन वर्षं जुने आकडे दिसले, आणि ते दरवर्षी फुगत चालले असतील, तर तुमच्याआधी कोणीतरी त्या गेटवर खेपा घालतो आहे. वर्षाच्या आतलंच देणं असेल तर बरं लक्षण.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. मार्चअखेरचे हिशेब सप्टेंबरपर्यंत सभेपुढे येतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास दाखल होतात. तुम्ही सप्टेंबरात बघाल तर हाती येणारा ताळेबंद दीड वर्षापूर्वीचा असेल. म्हणून भरणे नाक्यावरच्या चहावाल्याला, कँटीनच्या ठेकेदाराला आणि आधीच्या गाडीवाल्यालाही विचारा. आधीचा गाडीवाला का सोडून गेला, हे कुठल्याच कागदावर नसतं.

आता तुमच्या हिशेबाकडे येते. चाळीस लाख, पाच वर्षं, व्याज साडेदहा टक्के धरलं तर हप्ता महिन्याला सुमारे ८६ हजार येतो. दोन बसचं मिळून बिल समजा दोन लाख चाळीस हजार. महिना संपल्यावर बिल आणि त्यानंतर साठ दिवस, म्हणजे एक तारखेच्या फेरीचे पैसे नव्वद दिवसांनी. तोवर तीन महिन्यांची बिलं, सात लाख वीस हजार, कंपनीकडे अडकलेली, आणि डिझेल, ड्रायव्हरचे पगार, तीन हप्ते तुमच्या खिशातून. परशुराम घाट पावसात बंद पडला आणि फेऱ्या चुकल्या तर कपात वेगळी. हे पैसे आज कुठून येणार, याचं उत्तर कर्जाच्या अर्जाआधी हवं.

साठ दिवसांचं मान्यही करू नका. यजमानांच्या नावे उद्यम नोंदणी करून घ्या. ती फुकट असते, ऑनलाइन होते, आणि वाहतूक सेवा तिच्यात बसते. २००६ च्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज चक्रवाढीने लागतं आणि दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर हवा. मागाहून नोंदणी केली तर जुन्या बिलांना तिचा आधार मिळणं कठीण.

एका वर्षाच्या करारावर पाच वर्षांचं कर्ज मात्र मला पटत नाही, कंपनी कितीही चांगली निघाली तरी. त्यांच्या खरेदी विभागाकडे दोन गोष्टी मागा: करार तीन वर्षांचा, आणि मुदतीआधी थांबवला तर तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढं किमान बिल. तीन वर्षं देत नसतील तर निदान नोटिशीची अट तरी मिळवा. मूळ जर्मन कंपनीची हमी मागून वेळ घालवू नका. दोन बसच्या ठेक्यासाठी ती कोणी देत नाही. काहीच मिळालं नाही तर एकच मिनीबस घ्या, दुसऱ्या फेरीसाठी ओळखीच्या माणसाची गाडी भाड्याने लावा आणि पहिल्या सहा महिन्यांची बिलं किती दिवसांनी जमा होतात ते वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या बसचं त्या वहीवरून ठरवता येईल.

शंभर रुपये भरायच्या आधी गेटवरच्या पाटीचा फोटो आणि ऑर्डर शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवा. ‘इंडिया’च्या आधी एखादा शब्द जास्त असला तरी ती वेगळी कंपनी असू शकते, आणि मग तुम्ही भलत्याच कंपनीचा ताळेबंद वाचत बसाल.